परदेशी कंपनीची खरेदी : एस्क्रोतील पैसा कधी सुटणार?

जपानच्या दायची सांक्यो या औषध कंपनीने जून २००८ मध्ये रॅनबॅक्सी ताब्यात घेण्याचा करार केला, तेव्हा भारतीय उद्योगजगतात त्याची चर्चा प्रामुख्याने किमतीमुळे झाली. प्रवर्तक सिंग कुटुंबाकडील सुमारे ३५ टक्के हिस्सा प्रतिसमभाग ७३७ रुपये दराने विकला गेला आणि साडेनऊ हजार कोटींच्या आसपासची रक्कम कुटुंबाच्या हाती आली. व्यवहार पूर्ण होण्याआधीच, सप्टेंबर २००८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रॅनबॅक्सीच्या पाँवटा साहिब आणि देवास येथील कारखान्यांतून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांवर आयातबंदी घातली. तरीही खरेदी पुढे गेली. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी उपकंपनीने गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. दायचीने विक्रेत्यांनी महत्त्वाची माहिती दडवल्याचा आरोप करून सिंगापूरमध्ये लवादाकडे धाव घेतली. एप्रिल २०१६ मध्ये निवाडा तिच्या बाजूने लागला. भरपाईचा आकडा अडीच हजार कोटी रुपयांच्या वर होता. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निवाडा भारतात अंमलात आणण्यास प्रामुख्याने हिरवा कंदील दाखवला. मात्र निवाडा हाती असणे आणि पैसा हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दायचीला त्यानंतर उमगले. विक्रेत्यांच्या मालमत्तेचा माग काढत तिला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात बेअदबीच्या शिक्षेपर्यंत गेले.

या प्रकरणाकडे आज पुन्हा पाहण्याचे कारण असे, की आता अनेकदा खरेदीदाराच्या खुर्चीत भारतीय उद्योजक बसलेला असतो. पुण्याच्या भारत फोर्जने जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही कंपनी घेतली त्याला दोन दशके उलटली. त्या वाटेने नंतर कितीतरी मध्यम आकाराचे कारखानदार गेले. त्यांच्यापुढे परदेशी वकील जो जाडजूड करारनामा ठेवतात, त्यात एस्क्रो नावाचे एक प्रकरण हमखास असते. ते वाचताना खरेदीदाराचे लक्ष बहुधा एकाच आकड्यावर असते : किती टक्के रक्कम अडकवून ठेवायची? वास्तविक खरेदीदाराचे हित त्या आकड्यापेक्षा ती रक्कम कोणत्या अटीवर, कोणाच्या सहीने आणि कोणत्या दिवशी सुटणार यावर अधिक अवलंबून असते.

एस्क्रोची कल्पना साधी आहे. खरेदीदार ठरलेल्या किमतीपैकी काही भाग विक्रेत्याला थेट न देता एका तटस्थ त्रयस्थाकडे ठेवतो. विक्रेत्याने करारात दिलेल्या हमी, म्हणजे हिशेब खरे आहेत, कर भरलेले आहेत, न सांगितलेले दावे नाहीत इत्यादी, खोट्या ठरल्या तर भरपाई त्या रकमेतून मिळते. काही निघाले नाही तर मुदत संपताच रक्कम विक्रेत्याकडे जाते. हा त्रयस्थ कोण असावा, याची रीत देशागणिक बदलते. अमेरिकेत सहसा बँका हे काम करतात, इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांचे संयुक्त खाते असते. जर्मनीत ‘गेएमबेहा’ प्रकारच्या खासगी कंपनीचे भाग विकायचे तर करार नोटरीसमोरच व्हावा लागतो आणि अनेकदा हाच नोटरी आपल्या स्वतंत्र विश्वस्त खात्यात रक्कम सांभाळतो. (जर्मन नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाच्या आवारात शिक्का मारणारे गृहस्थ नव्हेत. तो शासनाने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि संपूर्ण करार दोन्ही पक्षांसमोर मोठ्याने वाचून दाखवणे त्याच्यावर बंधनकारक असते.)

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. खरेदीचा करार आणि एस्क्रोचा करार हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. पहिल्यावर खरेदीदार आणि विक्रेता यांच्या सह्या असतात. दुसऱ्यावर त्या दोघांसह त्रयस्थाची. त्रयस्थाला पहिल्या करारातील न्याय-अन्यायाशी कर्तव्य नसते. कारखान्यात खरोखर दोष निघाला का, हे तो पाहत नाही आणि पाहणारही नाही. ठरलेल्या नमुन्यातला कागद, ठरलेल्या माणसाच्या सहीने, ठरलेल्या वेळेआधी आला की नाही, एवढेच तो तपासतो. त्यामुळे खरेदीच्या करारात खरेदीदाराच्या बाजूने कितीही भक्कम कलमे असली, तरी ती एस्क्रोच्या करारात उतरली नसतील तर पैशाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य.

एक व्यवहार, तीन कप्पे

समजा, चाकणच्या एका वाहन-सुटे भाग उत्पादकाने जर्मनीतील एका कुटुंबाच्या मालकीचा फोर्जिंगचा कारखाना १ कोटी युरोला घ्यायचे ठरवले. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातील अटी अशा करारांत नेहमी आढळणाऱ्या आहेत. ताबा १ एप्रिलला. त्या दिवशी विक्रेत्याला ८५ लाख युरो मिळतात आणि १५ लाख एस्क्रोत जातात. सल्लागार अनुभवी असेल तर तो या १५ लाखांचे तीन कप्पे करायला लावेल. कारण तिन्हींमागची जोखीम वेगळी आणि म्हणून सुटकेची अटही वेगळी असते.

पहिला कप्पा ३ लाखांचा, हिशेबाच्या फरकासाठी. कारखान्यात ताब्याच्या दिवशी २० लाख युरोचे खेळते भांडवल असेल असे गृहीत धरून किंमत ठरली आहे. प्रत्यक्ष किती होते, हे त्या दिवसाचा ताळेबंद तयार झाल्यावरच कळते. खरेदीदाराने ६० दिवसांत ताळेबंद करायचा, विक्रेत्याने ३० दिवसांत हरकत घ्यायची आणि एकमत न झाल्यास दोघांनी मान्य केलेल्या स्वतंत्र लेखापालाने निर्णय द्यायचा, अशी पद्धत असते. समजा, प्रत्यक्षात १८ लाख २० हजार निघाले. तूट १ लाख ८० हजारांची. तेवढे खरेदीदाराला, उरलेले १ लाख २० हजार विक्रेत्याला. कप्पा तीन-चार महिन्यांत रिकामा. हे सोपे आहे. फक्त तूट ३ लाखांच्या वर गेली तर वरची रक्कम दुसऱ्या कप्प्यातून घेता येईल की विक्रेत्याकडे वेगळी मागावी लागेल, एवढे वाक्य करारात स्पष्ट असायला हवे. ते बहुधा राहून जाते.

दुसरा कप्पा ८ लाखांचा, सर्वसाधारण हमींसाठी, १८ महिन्यांचा. वादाचा खरा आखाडा हाच. अठरा महिनेच का? तर तेवढ्यात नव्या मालकाच्या हाताखाली किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष जाते, त्याच्या हिशेबांची तपासणी होते आणि लपवलेली गोष्ट उघडी पडायची असेल तर सहसा याच काळात पडते, असा त्यामागचा विचार आहे.

तिसरा कप्पा ४ लाखांचा, जुन्या वर्षांच्या करांसाठी. तो अठरा महिन्यांच्या मुदतीत बसत नाही. जर्मनीत करआकारणीची सर्वसाधारण मुदत चार वर्षांची आहे आणि ती विवरणपत्र ज्या वर्षी भरले त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजली जाते. शिवाय मुदत संपण्याआधी कर खात्याने तपासणी सुरू केली की ती लांबते. २०२४ या वर्षाचे विवरणपत्र २०२५ मध्ये भरले असेल, तर त्या वर्षाचा प्रश्न २०२९ च्या अखेरीपर्यंत उघडा राहू शकतो. कर खात्याचे तपासनीस येतात तेही बहुधा काही वर्षांनी, एकदम अनेक वर्षांचे कागद बघायला. कराची रक्कम मात्र कंपनीकडून, म्हणजे नव्या मालकाच्या खिशातून वसूल होते. अठरा महिन्यांनी एस्क्रो रिकामे झाले असेल, तर खरेदीदाराला जुन्या मालकाच्या दारात जावे लागते. आणि तोवर त्याने मुलांमध्ये वाटण्या केलेल्या असतात.

यावर विक्रेता म्हणेल, की कराच्या हमीची मुदत तर करारात ‘अंतिम आकारणीनंतर सहा महिने’ अशी दिलीच आहे, मग एस्क्रो कशाला लांबवायचे? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात हमीची मुदत म्हणजे दावा करण्याचा अधिकार आणि एस्क्रोची मुदत म्हणजे तो दावा ज्यातून वसूल होईल ते तारण. अधिकार पाच वर्षे आणि तारण दीड वर्ष, अशी रचना मान्य करणाऱ्या खरेदीदाराने उरलेली साडेतीन वर्षे आपण विक्रेत्याच्या भलेपणावर विसंबून आहोत हे समजून घेऊन सही करावी.

मौन कोणाच्या पथ्यावर?

पैसा त्रयस्थाकडून सुटण्याचे मार्ग मोजके असतात. दोन्ही पक्षांनी सह्या केलेले संयुक्त पत्र; न्यायालयाचा किंवा लवादाचा अंतिम निर्णय; अथवा ठरलेल्या तारखेला आपोआप सुटका. पहिल्या दोनबद्दल फारसे दुमत नसते. खडाजंगी होते ती तिसऱ्यावर. विक्रेत्याला हवे असते, की तारीख उजाडली की पैसा सुटलाच पाहिजे. खरेदीदाराला हवे असते, की आपली सही असल्याखेरीज एक युरोही हलू नये. विक्रेत्याचे भय असे, की काही कारण नसतानाही खरेदीदार सही अडवून धरील आणि सवलत मागेल. हे भय निराधार नाही. असे करणारे खरेदीदार असतात.

मग तडजोड होते ती साधारण अशी : ३० सप्टेंबरला, म्हणजे अठरा महिने पूर्ण होताना, खात्यातील शिल्लक विक्रेत्याला द्यावी, मात्र त्याआधी खरेदीदाराने दाव्याची नोटीस दिली असेल तर तेवढी रक्कम रोखून ठेवावी. या एका वाक्यात खरेदीदाराचे सारे हित सामावलेले असते. नोटीस कोणाला द्यायची? तिच्यात काय असायला हवे? रक्कम नेमकी हवी की अंदाजे चालेल? आणि ‘त्याआधी’ म्हणजे कुठल्या घड्याळाने?

चाकणच्या उद्योजकाचे उदाहरण पुढे नेऊ. ताब्यानंतर चौदाव्या महिन्यात एका मोटार कंपनीने ॲक्सलच्या भागांचा एक लॉट तडे गेल्याची तक्रार करून परत पाठवला. लॉटवरील शिक्क्यांवरून तो ताब्यापूर्वीचा असल्याचे सिद्ध झाले. नुकसान २ लाख ६० हजार युरो. आता करारातील आणखी एक कलम पुढे येते. किरकोळ तक्रारींसाठी विक्रेत्याला छळू नये म्हणून एक उंबरठा ठरलेला असतो. समजा, तो १ लाखाचा आहे. नुकसान उंबरठ्याच्या आत असेल तर दावा नाही. ते ओलांडले तर काय, याला दोन उत्तरे आहेत. एका पद्धतीत पहिल्या युरोपासून सगळी भरपाई मिळते : २ लाख ६० हजार. दुसऱ्या पद्धतीत केवळ वरची : १ लाख ६० हजार. इंग्रजी मसुद्यात हा फरक तीन-चार शब्दांचा असतो. येथे पहिली पद्धत ठरली आहे असे धरू.

खरेदीदाराने विक्रेत्याला आणि त्रयस्थाला, दोघांनाही, नोटीस दिली. एस्क्रो करारात तरतूद होती, की विक्रेत्याने ३० दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर त्रयस्थाने दाव्याची रक्कम खरेदीदाराला द्यावी. विक्रेता गप्प राहिला. एकतिसाव्या दिवशी २ लाख ६० हजार युरो सुटले आणि कप्प्यात ५ लाख ४० हजार उरले. हीच तरतूद उलटी असती, म्हणजे विक्रेत्याने लेखी संमती दिली तरच रक्कम द्यावी असे लिहिले असते, तर त्याच मौनापायी खरेदीदाराला लवादाकडे जावे लागले असते. मौन कोणाच्या पथ्यावर पडणार, हे मसुदा करतानाच ठरते. बोलणी चालू असताना सगळेच गोड बोलत असतात, त्यामुळे या वाक्याकडे दुर्लक्ष होते.

दुसरा प्रसंग अधिक बिकट आहे. सप्टेंबरच्या मध्यास आवारात खोदकाम करताना जुनी तेलाची टाकी सापडली. भोवतीची माती तेलाने भिजलेली. सफाईचा खर्च किती, हे मातीचे नमुने तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नव्हते आणि अहवालाला सहा आठवडे लागणार होते. मुदत उरली होती पंधरा दिवसांची. ‘नोटिशीत नुकसानीची रक्कम नमूद असावी’ एवढेच करारात असते, तर विक्रेत्याच्या वकिलाने अंदाजाची नोटीस अग्राह्य ठरवायला कमी केले नसते. म्हणून ‘सद्भावनेने केलेला वाजवी अंदाज’ हे शब्द खरेदीदाराने आग्रहाने घालून घ्यायचे असतात. ते होते. पर्यावरण सल्लागाराच्या प्राथमिक पत्राच्या आधारे ४ लाख युरोंची नोटीस २२ सप्टेंबरला गेली. ३० सप्टेंबरला त्रयस्थाने १ लाख ४० हजार विक्रेत्याला दिले आणि ४ लाख रोखून ठेवले.

येथेच चूक होते आणि ती आश्चर्य वाटावे इतक्या वेळा होते. नोटीस विक्रेत्याला, त्याच्या वकिलाला, अगदी नोटिशीखाली प्रत म्हणून आपल्या बँकेलाही जाते. त्रयस्थाला मात्र जात नाही. त्याला विक्रेत्याच्या ई-मेलमधले काही ठाऊक नसते. ३० सप्टेंबरला तो करारानुसार संपूर्ण ५ लाख ४० हजार सोडून देतो आणि त्याचे काहीही चुकलेले नसते. दावा जिवंत राहतो, तारण गेलेले असते. तीच गत वेळेची. ‘फ्रँकफर्टच्या वेळेनुसार सायंकाळी पाच’ म्हणजे सप्टेंबरात भारतातले रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. ई-मेलची नोटीस चालते का, की कुरिअरने पोचलेली मूळ प्रतच लागते, हेही पाहायचे असते. कुरिअर लागत असेल तर शेवटचा दिवस प्रत्यक्षात चार-पाच दिवस अलीकडे येतो. कामाचा दिवस म्हणजे दोन्ही शहरांतील कामाचा दिवस, असे लिहिलेले बरे. २ ऑक्टोबरला भारतात आणि ३ ऑक्टोबरला जर्मनीत सार्वजनिक सुटी असते, हे करार करताना कोणाच्या मनात येत नाही.

रोखलेले ४ लाख किती काळ रोखता येतील? विक्रेता बहुधा अशी अट घालतो, की नोटीस दिल्यापासून सहा महिन्यांत खरेदीदाराने लवादाची कार्यवाही सुरू केली नाही तर दावा सोडून दिल्याचे मानले जाईल व रक्कम सुटेल. अट रास्त आहे. खरेदीदाराने ती मान्य करावी आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. तडजोडीची बोलणी चालू आहेत या समजुतीत सहा महिने निघून गेले तर बोलण्यांचा उपयोग होत नाही. आपल्या उदाहरणात अहवाल आला, खर्च अडीच लाख निघाला, संयुक्त पत्राने अडीच लाख खरेदीदाराला आणि दीड लाख विक्रेत्याला मिळाले. संयुक्त पत्र म्हटले की सही करणारा माणूस हवा. अठरा महिन्यांत वयोवृद्ध विक्रेत्याचे निधन झाले आणि वारस तीन देशांत असले, तर वारसाचे दाखले येईपर्यंत पत्र अडते. म्हणून विक्रेत्याच्या बाजूने एक प्रतिनिधी करारातच नेमून घेतात.

ज्ञात जोखीम आणि अज्ञात जोखीम

आता रॅनबॅक्सीकडे परत वळता येईल. तेथे १० टक्के रक्कम अठरा महिन्यांच्या एस्क्रोत ठेवली असती, तर दायचीचा प्रश्न सुटला असता का? उत्तर नकारार्थी आहे. दायची लवादाकडे गेली ती २०१२ मध्ये आणि अमेरिकेतील गुन्ह्याची कबुली आली २०१३ मध्ये. तोवर असे खाते केव्हाच रिकामे झाले असते. तारखेला बांधलेले एस्क्रो अज्ञात जोखमीसाठी ठीक असते. काय निघेल ते माहीत नसते, म्हणून वाजवी काळ वाट पाहायची. सप्टेंबर २००८ मधील आयातबंदी मात्र ज्ञात जोखीम होती. नियामकाशी वाद सुरू आहे एवढे जगाला दिसत होते. दडलेले होते ते त्याचे मूळ आणि त्याची खोली. अशा जोखमीसाठी वेगळा कप्पा लागतो आणि त्याची सुटका घटनेला बांधावी लागते : ‘संबंधित नियामकाने प्रकरण लेखी बंद केल्यानंतर ३० दिवसांनी’.

अर्थात दायचीला त्या काळी हे सहज करता आले असते असे नाही. भारतीय कंपनीचे समभाग परदेशी खरेदीदाराने घेताना किमतीचा भाग मागे ठेवण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने सर्वसाधारणपणे दिली ती २०१६ मध्ये. तीही एकूण किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि हस्तांतराच्या करारापासून १८ महिन्यांपर्यंतच. त्यामुळे भारतात खरेदी करणाऱ्या परदेशी कंपनीला घटनेला बांधलेले दीर्घ मुदतीचे एस्क्रो आजही या सवलतीत बसवता येत नाही. भारतीय खरेदीदार परदेशात जातो तेव्हा त्याला अशी १८ महिन्यांची चौकट नाही. ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार किंमत ठरावीक मुदतीने देता येते. समभाग मात्र आधीच पूर्ण हस्तांतरित व्हावे लागतात आणि राहिलेली रक्कम खरेदीदाराच्या आर्थिक बांधिलकीत मोजली जाते, जिची मर्यादा स्वयंचलित मार्गाने नक्त मालमत्तेच्या चौपट आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की एस्क्रोऐवजी पैसा आपल्याकडेच ठेवून नंतर देण्याचा पर्यायही खरेदीदाराने मागून पाहावा. विक्रेता तो सहजी देत नाही, कारण उद्या वाद झाला तर चाकणच्या कंपनीमागे धावायची पाळी त्याच्यावर येईल. दायचीच्या अनुभवानंतर त्याला दोष कसा द्यायचा?

हमींचा विमा उतरवून एस्क्रो अगदी लहान करण्याची पद्धत युरोपात बरीच रुळली आहे. विक्रेते तिचा आग्रह धरतात. खरेदीदाराने लक्षात ठेवायचे ते इतकेच, की खरेदीपूर्व तपासणीत जी गोष्ट कळली ती विम्यातून वगळली जाते. विमा अज्ञाताचा असतो. तेव्हा घटनेला बांधलेला कप्पा विम्यानंतरही शिल्लक उरतोच.

घटनेला बांधण्यातही एक मेख आहे. घटना कधीच घडली नाही तर? नियामक प्रकरण बंदही करीत नाही आणि पुढेही नेत नाही, असे अनेकदा होते. विक्रेता म्हणून एक बाह्य मुदत मागतो. समजा, पाच वर्षे. ती द्यायला हरकत नाही, पण मुदत संपताना प्रकरण चालू असेल तर ती रक्कम प्रलंबित दावा समजली जाईल, हे जोडून. आणि एस्क्रो हीच भरपाईची कमाल मर्यादा आहे का, हे कलम शोधून वाचावे. अमेरिकी करारांत लबाडीचा अपवाद सोडला तर खरेदीदाराला एस्क्रोपलीकडे हात घालता येत नाही, अशी अट वारंवार आढळते. जर्मन कायद्यात जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीची जबाबदारी आगाऊ माफ करता येत नाही. परंतु जाणूनबुजून होते हे सिद्ध करणे खरेदीदाराच्याच माथी येते.

राहता राहिला प्रश्न खुद्द पैशाच्या अस्तित्वाचा. तो विचारणे अपमानास्पद वाटते. जून २०२० नंतर वाटू नये. जर्मनीच्या शेअर बाजारातील अग्रगण्य तीस कंपन्यांत गणल्या गेलेल्या वायरकार्डने आपले १९० कोटी युरो फिलिपिन्समधील बँकांत विश्वस्ताच्या खात्यांत असल्याचे दाखवले होते. दोन्ही बँकांनी सांगितले, की वायरकार्ड आमचे ग्राहक नाही आणि दाखवलेली कागदपत्रे खोटी आहेत. काही दिवसांतच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो खरेदीच्या एस्क्रोचा मामला नव्हता. पण शिल्लक दाखवणारा कागद त्रयस्थाकडून न घेता खाते असलेल्या बँकेकडून थेट मागवावा, एवढा धडा त्यातून घेता येतो. दरमहा बँकेचे विवरण दोन्ही पक्षांना परस्पर मिळेल, असे कलम घालायला एक ओळ पुरते. पैसा त्रयस्थाच्या स्वतःच्या पैशात मिसळणार नाही आणि विक्रेता किंवा त्रयस्थ दिवाळखोर झाल्यास त्याच्या धनकोंना त्यावर हात टाकता येणार नाही, अशी खात्याची रचना स्थानिक वकिलाकडून लेखी तपासून घ्यावी.

व्याजाचा मुद्दा किरकोळ समजला जातो. जून २०१४ ते जुलै २०२२ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरील दर शून्याखाली होता आणि अनेक बँका मोठ्या युरो ठेवींवर उलट आकार घेत. एस्क्रोतील रक्कम त्यामुळे दरवर्षी थोडी थोडी झिजे आणि ती झीज कोणाच्या खाती, हे जुन्या नमुन्यावरून उचललेल्या करारांत लिहिलेलेच नसे.

शेवटी कामाची गोष्ट. त्रयस्थ बँक असेल तर ती खरेदीदार कंपनीचे खरे मालक कोण, पैसा कोठून आला, सह्या कोणाच्या, याचे कागद मागते. भारतीय कुटुंबाच्या कंपनीत भागधारक काका-पुतणे आणि कौटुंबिक ट्रस्ट असतील तर या पडताळणीला सहज काही आठवडे जातात. ताब्याची तारीख ठरल्यावर हे काम सुरू केले, की शेवटच्या आठवड्यात ‘तूर्त पैसा आमच्या वकिलाच्या खात्यात ठेवू’ असा प्रस्ताव विक्रेत्याकडून येतो. त्याच सुमारास आपल्या अधिकृत बँकेलाही विचारून ठेवावे, की एस्क्रोत पाठवायची रक्कम कोणत्या अर्जात कशी दाखवायची आणि पुढे दाव्यापोटी काही परत आले तर ते कोणत्या नावाने स्वीकारायचे. बहुतेक करारांत अशी परतफेड ‘खरेदीच्या किमतीतील घट’ मानली जाईल असे कलम असते. ते नसेल तर घालून घ्यावे. अडीच लाख युरो चाकणला परत येतात, तेव्हा ते उत्पन्न आहे की किंमत कमी झाली आहे, हे प्राप्तिकर अधिकारी विचारणार आणि त्या वेळी दाखवायला करारातील ते कलमच हाताशी असेल.